फ्रीलान्सची पाच वर्षे बायोडेटात कशी मांडावीत?

कंपन्यांच्या ऑनलाइन अर्जातले रकाने ठरलेले असतात: सध्याची कंपनी, वरिष्ठांचे नाव, शेवटचा पगार, नोटीस पिरियड. वर्षानुवर्षे स्वतंत्रपणे काम केलेल्या माणसाची गाडी पहिल्याच रकान्यात अडते. ‘सेल्फ एम्प्लॉइड’ लिहावे, तर हा मधली वर्षे घरीच बसून होता की काय, अशी शंका घेतली जाते. क्लायंटचे नाव लिहावे, तर पुढे पडताळणीत पंचाईत होते.

निवड करणाऱ्यांना अशा उमेदवाराच्या हुशारीबद्दल फारशी शंका नसते. त्यांचे प्रश्न दोनच असतात. हा माणूस एखादी जबाबदारी वर्षभर न कंटाळता सांभाळेल का? आणि तो जे सांगतो आहे, ते कागदोपत्री तपासता येईल का? बायोडेटापासून मुलाखतीपर्यंतची सगळी तयारी या दोन प्रश्नांभोवती करायची असते.

उदाहरणादाखल पुण्यातला एक वेब डेव्हलपर घेऊ. एप्रिल 2020 ते मार्च 2025 या पाच वर्षांत त्याने वीसेक वेबसाइट केल्या. त्याच्या पहिल्या बायोडेटात या वीसही कामांची यादी होती: हॉटेल, दवाखाना, ट्रॅव्हल एजन्सी, लग्नाचा हॉल. यादी लांबलचक असली, तरी वाचणाऱ्याला त्यातून एकच चित्र दिसते: आज इथे, उद्या तिथे.

प्रत्यक्षात या वीस कामांपैकी तीन क्लायंट वर्षानुवर्षे टिकलेले होते. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचे ऑर्डर पोर्टल तो चार वर्षे सांभाळत होता आणि त्याचे महिन्याला 18,000 रुपये घेत होता. कोल्हापुरी चपलांच्या एका ऑनलाइन दुकानाचे तीन वर्षांचे काम 15,000 रुपये महिन्याने चालू होते, तर एका शाळेच्या प्रवेश अर्जांच्या साइटचे दोन वर्षांचे काम 12,000 रुपयांनी. त्याच्या पाच वर्षांचा कणा हाच होता आणि यादीत तो हरवून गेला होता.

नव्या बायोडेटात त्याने पाचही वर्षे एकाच शीर्षकाखाली घेतली: ‘स्वतंत्र वेब डेव्हलपर, पुणे, एप्रिल 2020 ते मार्च 2025’. त्याखाली हे तीन क्लायंट, प्रत्येकापुढे कालावधी आणि काम. उरलेली सतरा कामे शेवटच्या एका ओळीत. नोकरीतला माणूस एका कंपनीतली वेगवेगळी प्रोजेक्ट जशी मांडतो, तशीच ही मांडणी झाली.

खरा फरक पडतो तो कामाच्या वर्णनात. ‘चपलांच्या दुकानाची वेबसाइट बनवली’ हे वाक्य काम संपल्याचे सांगते. त्याऐवजी त्याने लिहिले: ‘वेबसाइट 2022 पासून चालू ठेवण्याची संपूर्ण जबाबदारी, रोजचा बॅकअप, महिन्यातून एकदा तो परत चढवून पाहणे, नवे अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर तपासणे, दिवाळीच्या आठवड्यात पेमेंटवर रात्री नऊपर्यंत लक्ष.’ बॅकअप घेणारे पुष्कळ असतात, तो परत चढवून पाहणारे थोडे. तांत्रिक मुलाखत घेणाऱ्याची नजर नेमकी तिथे थांबते आणि पुढचा प्रश्न त्यावरच येतो. अशी वाक्ये सुचत नसतील, तर एक युक्ती आहे. आपण महिनाभर फोन बंद करून गावी गेलो असतो, तर क्लायंटचे काय काय अडले असते, त्याची यादी करायची. जे अडले असते, ती आपली जबाबदारी.

आता कागदपत्रे. नोकरी बदलणारा माणूस रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 देतो. फ्रीलान्सरकडे यातले काहीच नसते. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यावर या वर्षांची नोंदही नसते आणि बऱ्याच कंपन्या ती नोंद मागतात. म्हणून ही गोष्ट ऑफर येण्याआधीच एचआरला सांगून टाकावी आणि त्याऐवजी काय देता येईल, तेही सांगावे: करारपत्रे, बिले, बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे आणि जुन्या क्लायंटचे लेटरहेडवरचे पत्र. त्या पत्रात कालावधी, कामाचे स्वरूप आणि फोन उचलणाऱ्या माणसाचे नाव हवे.

यात सर्वात वजनदार कागद म्हणजे आयकर पोर्टलवरचा फॉर्म 26एएस. ज्या क्लायंटने टीडीएस कापून पैसे दिले, त्याचे नाव, तारीख, रक्कम आणि कापलेला कर त्यात असतो. एकाच कारखान्याचे नाव चार वर्षे ओळीने दिसले, की सातत्य वेगळे पटवून द्यावे लागत नाही. परदेशी क्लायंट किंवा टीडीएस न कापणारा छोटा दुकानदार मात्र त्यात सापडणार नाही; त्यांच्यासाठी बिल आणि बँकेतली जमा यांची जोडी दाखवावी लागते.

बरेच जण अडकतात ते पैशांच्या आकड्यात. आपल्या डेव्हलपरची शेवटच्या वर्षाची बिले अशी होती: तीन क्लायंटचे 5,40,000 आणि किरकोळ कामांचे 3,00,000, एकूण 8,40,000 रुपये. अर्जात त्याने ‘शेवटचा पगार 8.4 लाख’ लिहिले. विवरणपत्र मात्र त्याने व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित पद्धतीने भरले होते. तिच्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. त्यामुळे कागदावर उत्पन्न 4,20,000 दिसले आणि एचआरला वाटले, आकडा फुगवला आहे. दोन्ही आकडे खरे होते. चुकला तो ‘पगार’ हा शब्द. तिथे ‘वार्षिक व्यावसायिक जमा’ लिहावे आणि विवरणपत्रातला एकूण जमेचा रकाना दाखवावा.

क्लायंटला मालक म्हणून दाखवण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे. पडताळणी करणारी एजन्सी कारखान्यात फोन करते आणि तिथला अकाउंटंट खरे तेच सांगतो: या नावाचा कर्मचारी आमच्या मस्टरवर कधीच नव्हता. तेवढ्यावर हातातली ऑफर जाऊ शकते. एकट्याने काम करून ‘संस्थापक व सीईओ’ लिहिणेही अंगाशी येते, कारण हा माणूस कोणाच्या हाताखाली काम करेल का, ही शंका त्याने आणखी वाढते. गोपनीयतेचा करार असेल तर क्लायंटचे नाव न घेता ‘चाकणचा वाहन सुट्या भागांचा उत्पादक’ एवढे लिहिले तरी चालते.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: जुन्या क्लायंटचे काय करणार? 2022 च्या सप्टेंबरमध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी, प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या 300 कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीरपणे सांगितले. तेव्हापासून आयटी कंपन्या याबाबत जास्तच सावध झाल्या आहेत. ‘बघू, शनिवार-रविवारी करेन’ हे उत्तर तिथे बुडवते. कोणता क्लायंट कोणाकडे सोपवणार, पासवर्ड आणि कागद कोणत्या तारखेपर्यंत देणार, हे ठरवूनच जावे. शाळेचे प्रवेश चालू असतील तर रुजू होण्यासाठी महिनाभर जास्त मागावा. त्यामागचे कारण ऐकून कोणी नाराज होत नाही.

ज्याचे काम खरोखरच तुटक होते, त्याने ते ओढूनताणून सलग दाखवू नये. बिलांच्या तारखा मधले रिकामे महिने उघडे पाडतातच. म्हणून अर्ज भरायला बसण्याआधी शेवटच्या तीन वर्षांचा फॉर्म 26एएस आणि बँकेचे स्टेटमेंट शेजारी ठेवा, प्रत्येक क्लायंटच्या पहिल्या आणि शेवटच्या बिलाची तारीख लिहून काढा आणि बायोडेटातले कालावधी त्या तारखांवरूनच भरा.