३१८ हर्ट्झची खाच

सर्वो मोटरचा वेग नेमका राखायचा म्हणून ड्राइव्हचा गेन वाढवत नेला, की एका टप्प्यावर यंत्र अचानक गाऊ लागतं. पुष्कळ जण आधी बेअरिंगला दोष देतात. पण मोटरचा वेग बदलूनही स्वर तोच राहिला आणि गेन उतरवताच थांबला, तर संशय कपलिंगवर घ्यावा.

दोन दातेरी चकत्यांमध्ये पॉलियुरेथेनचा तुकडा बसवलेलं कपलिंग म्हणजे प्रत्यक्षात एक स्प्रिंगच. तिच्या एका टोकाला मोटरचा रोटर, दुसऱ्या टोकाला भार, आणि दोघं उलटसुलट पिळले जातात. एक उदाहरण घेऊ. मोटरचं जडत्व ०.०००२ किलोग्रॅम-चौरस मीटर, भाराचं त्याच्या तिप्पट आणि कपलिंगचा ताठरपणा दर रेडियनला ६०० न्यूटन-मीटर. गणित सांगतं, हा जोड ३१८ हर्ट्झला थरथरेल.

तरी गणितावर विसंबू नये, मोजावं. मोटरला कमी-जास्त वारंवारतेचा हलका टॉर्क देत वेगाचा प्रतिसाद नोंदला, की आलेखात १५९ हर्ट्झला दरी आणि ३१८ ला शिखर दिसतं. दरीच्या जागी मोटर जवळपास स्तब्ध असते, एकटा भार झुलतो. खाच तिथे बसवणं ही नेहमीची चूक. ती शिखरावर हवी.

नॉच फिल्टर टॉर्कच्या आज्ञेतून तेवढाच पट्टा कापतो:

H(s) = (s² + 2·0.05·ω·s + ω²) / (s² + 2·0.5·ω·s + ω²)

इथे ω म्हणजे ३१८ हर्ट्झ, रेडियनमध्ये सेकंदाला २०००. वरच्या ०.०५ ला खालच्या ०.५ ने भागलं की खोली मिळते: मधोमध दहावा हिस्साच उरतो. खालचा आकडा रुंदी ठरवतो, आणि खरा निर्णय इथेच असतो.

कपलिंग तापून किंवा झिजून ताठरपणा २० टक्क्यांनी घटला, तर शिखर २८४ हर्ट्झवर सरकतं. आपली रुंद खाच तिथेही आज्ञा पाव हिश्शावर आणते. दोन्ही आकडे पाचपटीने कमी केले, तर खोली तीच राहते, पण अरुंद खाचेतून २८४ ला पाऊण हिस्सा निसटतो आणि यंत्र पुन्हा गातं. शिवाय शिखर खाचेच्या खालच्या बाजूला घसरतं तेव्हा ते फिल्टरच्या विलंबात सापडतं आणि अस्थिरता वाढते. म्हणून मला रुंद खाच पटते.

रुंदीची किंमत मात्र मोजावी लागते. १०० हर्ट्झला हा फिल्टर सुमारे १७ अंशांचा विलंब आणतो, ५० ला ८ अंशांचा. वेगनियंत्रण १०० हर्ट्झपर्यंत ताणायचं असेल, तर हे १७ अंश स्थिरतेच्या शिलकीतून जातात. शिल्लक तुटपुंजी असेल, तर खाच अरुंद करण्याआधी ताठर कपलिंग बसवून पाहावं.

शिवाय खाच फक्त ड्राइव्हने स्वतः दिलेला धक्का रोखते. भाराला बाहेरून ठोका बसला, तर स्प्रिंग तशीच पिळते आणि थरथर आपल्याच गतीने विरते.