ट्रायल नऊपर्यंत, ब्लाऊज तेराला

‘नमस्कार ताई, पैठणीवरचा ब्लाऊज ट्रायलला तयार आहे. सोमवारी 8 किंवा मंगळवारी 9 तारखेला संध्याकाळी 5 ते 8 मध्ये या. लग्नात आत जे घालणार तेच घालून या. ब्लाऊज शनिवारी 13 ला मिळेल. घरी घालून बघा, काही कमी-जास्त वाटलं तर 17 पर्यंत आणा.’

लग्न 20 तारखेला आहे आणि टेलरचा असा मेसेज आला, तर घाईत वाचणाऱ्याची नजर 13 वर थांबते. माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची तारीख 9 आहे. ट्रायलच्या दिवशी ब्लाऊज अर्धवट असतो आणि तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. अस्तर जोडलेलं असतं, बाजूची शिलाई मोठ्या टाक्यांची, कच्ची असते. हुक लावलेले नसतात, पुढची पट्टी टाचण्यांनी जुळवतात. गळ्याची पट्टीही चांगला टेलर तेव्हा पक्की करत नाही. या अवस्थेत जे बदलता येतं, त्यातलं बरंचसं नंतर हातातून जातं.

छातीत ब्लाऊज 1 इंच घट्ट होतोय असं समजू. दोन्ही बाजूंच्या शिलाईत पुढचा एक आणि मागचा एक असे मिळून चार पदर येतात. प्रत्येकातून पाव इंच सोडलं की 1 इंच मिळतो. त्यासाठी आत कापड शिल्लक लागतं. त्याला टेलर मार्जिन किंवा दाब म्हणतात. प्रत्येक पदरात इंचभर मार्जिन असेल तर पाव इंच सहज सुटतं. अडचण रेशमाची आहे. पक्की शिलाई उसवली की सुईची भोकं रेषेसारखी दिसत राहतात, इस्त्रीनेही ती पुरती जात नाहीत. म्हणून सैल करायचं ते ट्रायललाच सांगावं. घट्ट करायचं असेल तर जुनी भोकं नव्या शिलाईच्या आत जातात, त्यामुळे ते 13 नंतरही होतं.

गळा आणि मुंढा यांचा हिशेब निराळा. गळा खोल करता येतो, पण कापलेला गळा वर आणता येत नाही. मुंढ्याबाबत तर बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. हात वर केला की ब्लाऊज कमरेकडून वर चढतो, तेव्हा ‘मुंढा घट्ट आहे, जरा मोठा करा’ असं आपण सांगतो. पुष्कळदा खरं कारण मुंढा जास्त खाली उतरलेला असणं हे असतं. बाहीचा जोड काखेपासून लांब पडतो, म्हणून हात उचलला की तो अख्खा ब्लाऊज ओढून नेतो. अशा वेळी मुंढा आणखी कोरला तर त्रास वाढतो. टेलर खांद्यातून थोडं उचलून बघतो. मात्र त्याने गळाही वर जातो आणि बाही नव्याने बसवावी लागते. म्हणून ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून भागत नाही. दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, खाली वाकावं, बसून बघावं. वरमाला घालताना हात वर जाणारच आहेत. छातीवर आडव्या सुरकुत्या ताणल्या तर ब्लाऊज तिथे घट्ट आहे. टक्सचं टोक उभाराच्या खाली किंवा वर पडत असेल तर तेही तिथल्या तिथे खुणेने दाखवावं. यासाठीच ‘आत जे घालणार तेच’ असं टेलर लिहितो. ब्रा बदलली की उभाराची जागा बदलते.

पैठणीच्या बाहीची आणखी एक गोष्ट. खाली काठ असतो, त्यामुळे बाही लांब वाटली तरी खालून कापता येत नाही. ती वरून, मुंढ्याच्या बाजूने कमी करून पुन्हा जोडावी लागते. हे काम 9 ला सांगितलं तर सोपं, 16 ला सांगितलं तर बाही उसवण्याचं.

मधल्या चार दिवसांत पक्की शिलाई, गळ्याची पट्टी, हुक, हाताने तुरपाई, लटकन, शेवटी इस्त्री होते. तुरपाई आणि हुक अनेक दुकानांत बाहेरच्या बायकांकडे घरी करायला जातात. एकदा ब्लाऊज तिकडे गेला की मध्येच परत मागवणं जड जातं. ट्रायल 11 वर ढकलली की 13 ही तारीख टिकत नाही, ती यामुळे.

13 ते 17 ही मुदत लहान कामांची: बाजू अर्धा इंच दाबणं, हुक सरकवणं, लटकनाची दोरी आखूड करणं. 17 नंतरचे दोन दिवस टेलर स्वतःसाठी राखतो. लग्नसराईत त्या दोन दिवसांत दुसऱ्या नवऱ्यांचे ब्लाऊज मशीनवर असतात. आपल्याला मेसेजमध्ये दुरुस्तीची तारीख दिसली नाही, तर ट्रायलला गेल्यावर ती विचारून पावतीवर लिहून घ्यावी आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे पडणार का, हेही तेव्हाच ठरवावं.