नकाराचे पत्र कसे लिहावे?

समजा, मालवण तालुक्यात आमसुले तयार करणारी एक छोटी पेढी आहे. सप्टेंबरात पुण्याच्या एका मोठ्या मसाला-उत्पादकाकडून तिला प्रस्तावाची मागणी येते: सहा महिन्यांत चार टन आमसुले पुरवावीत, दर पंधरा दिवसांत कळवावा. पेढीच्या कोठीत शिल्लक आहेत सहाशे किलो.

रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. साली काढून त्या मिठासह रातांब्यांच्याच रसात पुनःपुन्हा बुडवाव्या लागतात आणि दर वेळी उन्हात वाळवाव्या लागतात. मृगाचा पाऊस लागला की हे काम थांबते. सप्टेंबरात नवा माल तयार करणे कोणाच्याही हातात नसते.

तरीही दर भरण्याचा मोह होतो. प्रस्ताव स्वीकारला गेला आणि पुरवठा चुकला, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार ग्राहक नुकसानभरपाई मागू शकतो. बाहेरून उचललेला माल आपल्या नावाने देण्यातही जोखीम आहे, कारण त्यातील मिठाचे आणि ओलाव्याचे प्रमाण आपल्या हातात नसते. काहीजण नकार टाळण्यासाठी मुद्दाम चढा दर भरतात. त्यामुळे पेढी महागडी असल्याचा शिक्का ग्राहकाच्या दप्तरी बसतो, आणि दुसऱ्या बोलीदाराशी संगनमत करून तसे केले असेल, तर स्पर्धा कायदा, २००२ ते निषिद्ध ठरवतो. गप्प बसणे सर्वांत सोपे. पण मग खरेदी-अधिकारी पुढच्या यादीत नाव का ठेवील?

म्हणून मुदतीच्या चार-पाच दिवस आधीच असे पत्र जावे:

‘आपली मागणी पोहोचली. आमचे नाव विचारात घेतल्याबद्दल आभारी आहोत. आमसुलांचा हंगाम मेअखेर संपत असल्याने चार टनांचा पुरवठा यंदा आम्हांस शक्य नाही, म्हणून या वेळी प्रस्ताव सादर करीत नाही. आमच्याकडे सहाशे किलो माल शिल्लक आहे. नमुन्यादाखल वा लहान खरेदीसाठी हवा असल्यास कळवावे. पुढील हंगामाची मागणी जानेवारीअखेर मिळाल्यास बागायतदारांशी आगाऊ बोलणी करून आम्ही दर देऊ शकू. आमचे नाव पुरवठादारांच्या यादीत कायम ठेवावे, ही विनंती.’

कारण एकच आहे, खरे आहे आणि ते याच हंगामापुरते आहे. मजूर मिळत नाहीत, भांडवल अडकले आहे, असे रडगाणे त्यात नाही. तसे लिहिले असते, तर जानेवारीत ग्राहक बोलावताना बिचकला असता. दरही लिहिलेला नाही, कारण एकदा लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी घासाघिशीचा प्रारंभबिंदू होतो. जानेवारीची मुदत मात्र मोघम नाही: रातांबे उतरण्याआधी झाडे बोलून ठेवण्यास तेवढा अवधी लागतोच.

पत्रावर मालकाची सही आणि जावक क्रमांक असावा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच क्रमांकाचा हवाला देऊन, किती टन देता येतील एवढेच कळवणारे दुसरे पत्र पाठवावे.