पूर्ण झालेल्या माहितीपटाचे जतन

व्हिडिओ संपादनाची प्रोजेक्ट फाइल ही जतनासाठी सर्वांत कच्ची वस्तू आहे. ती उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि बहुधा त्याच पिढीतील आवृत्ती लागते. 2011 साली ॲपलने फायनल कट प्रो एक्स आणले, तेव्हा आधीच्या आवृत्तीतले प्रकल्प त्यात उघडत नव्हते. म्हणून प्रोजेक्ट फाइल जपावी, पण भिस्त ठेवावी ती तयार चित्रपटाच्या मास्टर प्रतीवर. त्याबरोबर संवाद, संगीत आणि इतर ध्वनी यांचे वेगवेगळे ट्रॅक वेव्ह स्वरूपात आणि उपशीर्षके साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असावीत.

पूर्ण एचडी, सेकंदाला 25 फ्रेम असलेला 40 मिनिटांचा माहितीपट उदाहरणादाखल घेता येईल. संपादनातून तो 10 बिटमध्ये, काहीही न दाबता बाहेर काढला तर सुमारे 330 जीबी जागा लागते. एफएफव्ही1 या मुक्त स्वरूपात तोच चित्रपट साधारण निम्म्या जागेत मावतो, चित्रात बारीक दाणा कमी असेल तर त्याहूनही कमी जागेत, आणि एकही बिंदू गमावत नाही. या स्वरूपाचे तपशील 2021 मध्ये आरएफसी 9043 म्हणून प्रसिद्ध झाले. त्यामुळे निर्माती कंपनी टिको न टिको, ते वाचणारे सॉफ्टवेअर पुन्हा लिहिता येते. चित्र आणि ध्वनी एकत्र बांधायला मात्रोस्का हे तितकेच मुक्त वेष्टन वापरतात.

```
ffmpeg -i final.mov -map 0:v -map 0:a -c:v ffv1 -level 3 -g 1 -slicecrc 1 -c:a flac final.mkv
```

यातल्या `-slicecrc 1` मुळे प्रत्येक फ्रेमच्या तुकड्यांसोबत पडताळणीचा अंक साठतो. पुढे फाइल बिघडली तर बिघाड कोणत्या फ्रेममध्ये आहे तेही कळते. रूपांतर खरोखर निर्दोष झाले का, हे नजरेवर सोडू नये. पुढची आज्ञा दोन्ही फाइलींवर चालवावी आणि मिळणारे अंक तंतोतंत जुळावेत.

```
ffmpeg -i final.mov -map 0:v -f md5 -
```

मास्टर आधीच प्रोरेससारख्या दाबलेल्या स्वरूपात असेल, तर एफएफव्ही1 करून चित्र सुधारत नाही. फाइल मात्र दुप्पट किंवा त्याहून मोठी होते. कॅमेऱ्यातून आलेले मूळ चित्रणही आहे तसेच ठेवलेले बरे.

फाइलसोबत ती कशाची आहे हे सांगणारी टिपणी हवी. ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, युनिकोडमध्ये लिहावी. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो, आणि तीच गत त्या काळच्या उपशीर्षकांची होते. टिपणीत शीर्षक, आवृत्ती, चित्रीकरणाची स्थळे व तारखा, माणसांची नावे, फ्रेमगती आणि कोणत्या ट्रॅकवर कोणता ध्वनी आहे हे येते. संगीताचे हक्क कुणाचे आणि परवानगी कुठवर, हेही लिहावे. दहा वर्षांनी कुणी चित्रपट दाखवायला मागितला, तर फाइल शाबूत असूनही अडते ते बहुधा इथेच.

सगळे फोल्डरमध्ये जमले की प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, यादीत नोंदवतात. एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो.

```
find . -type f ! -name yadi.sha256 -exec sha256sum {} + > yadi.sha256
sha256sum -c --quiet yadi.sha256
```

मग फोल्डर दोन हार्ड डिस्कवर उतरवायचा. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या असू नयेत, कारण त्यांचा दोषही एकच असू शकतो. एक पुण्यात आणि दुसरी नाशिकला अशा त्या दूर राहाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत बंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवाव्यात. वीज न देता कपाटात ठेवायला एसएसडी योग्य नाही; तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. कॉपी झाल्यावर डिस्क काढून पुन्हा जोडावी आणि मगच वरची दुसरी आज्ञा चालवावी. लगेच तपासल्यास संगणक डिस्कऐवजी स्वतःच्या स्मृतीतली प्रत वाचण्याची शक्यता असते. यादीची एक प्रत तिसऱ्या ठिकाणीही असावी.

वर्षातून एकदा दोन्ही डिस्क एकेक करून याच आज्ञेने तपासाव्यात. आज्ञेने काहीच छापले नाही तर सर्व ठीक. एखाद्या फाइलसमोर `FAILED` आले तर घाईने एक डिस्क दुसरीवर सिंक करू नये. त्यात बिघडलेली फाइल चांगलीवर लिहिली जाण्याचा धोका आहे. यादीशी कोणती प्रत जुळते ते आधी पाहून तीच कॉपी करावी आणि पुन्हा तपासावे. वाचताना डिस्क अडखळत असेल किंवा टक टक आवाज करत असेल, तर ठसे जुळले तरी ती बदलावी. सुरळीत चालणारी डिस्कही साधारण पाच वर्षांनी बदलणे शहाणपणाचे, आणि नवीन डिस्क यादीशी जुळेपर्यंत जुनी पुसू नये.