जुना फ्लॅट बघताना आधी पाण्याचा माग काढा

तीसेक वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट बघायला गेलं की बहुतेक जण थेट हॉलमध्ये शिरतात. मी पार्किंगपासून सुरुवात करतो. ठाणे, डोंबिवली, वसई या पट्ट्यात १९९०च्या दशकात चार मजल्यांच्या कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. विक्रीला काढलेला फ्लॅट रंगवून गुळगुळीत केलेला असतो, पण खालचे खांब सहसा कोणी सजवत नाही आणि सगळ्या इमारतीचा भार त्यांच्यावरच असतो.

खांबाच्या कडेला वरून खाली जाणारी उभी भेग दिसली, तर आतली सळई गंजू लागली आहे असं समजावं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि काँक्रीट सळईच्याच रेषेत फुटतं. ताजं प्लास्टर थापून ही भेग झाकलेली असेल, तर किल्लीने हलकेच ठोकून बघा. भरीव जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी पोकळ येतो. तुळई जिथे खांबाला मिळते तिथे तिरका तडा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मात्र तुळई आणि तिच्याखालची विटांची भिंत यांच्या सांध्यात केसाएवढी आडवी रेघ असेल, तर एवढ्याने घाबरू नका. वीट आणि काँक्रीट उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे ती रेघ बहुतेक घरांत पडते.

सळईला गंज चढतो तो मुख्यतः पाण्यामुळे. म्हणून पार्किंगनंतर इमारतीच्या मागच्या बाजूला, संडास-बाथरूमचे पाइप जिथून उतरतात त्या डक्टमध्ये मान वर करून बघावं. पाइपाच्या सांध्यातून पिंपळाचं रोप उगवलं असेल, तर तो सांधा बराच काळ ओला आहे. भिंतीवर हिरवट-काळा ओघळ कुठल्या मजल्यापासून सुरू होतो ते लक्षात ठेवा, कारण आपण बघणार असलेलं घर त्याच्या खाली आहे की वर, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

घरात गेल्यावर ओल शोधायची ती नाकाने आणि हाताने. रंग ताजा असेल तर डोळा फसतो, पण कुबट वास लपत नाही. भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या मागे हात घालून बघा, कपाटातल्या तळाच्या फळीवर दाबून बघा. बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत खालच्या फूट-दीड फुटात फुगली असेल, रंगाचे पोपडे सुटले असतील किंवा पांढरा लोणा आला असेल, तर पाणी बाथरूमच्या लाद्यांखालून भिंतीत शिरतंय. भिंत नुसती थंड लागते की खरंच ओली आहे, असा संशय असेल तर प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवायची परवानगी मागा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची करामत आहे.

ओल कधी दिसते हे कुठून येते याइतकंच महत्त्वाचं. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये दिसणारी ओल गच्चीची, बाहेरच्या भिंतीची नाहीतर खिडकीवरच्या छज्जाची असते. एप्रिल-मेमध्येही छत ओलं असेल, तर वरच्या घरातलं नळाचं किंवा सांडपाणी गळतंय. त्यामुळे घर एकदा उन्हाळ्यात आणि एकदा सलग दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर बघता आलं, तर तेवढ्यानेच अर्धं निदान होतं.

आमच्या नात्यातल्या एका जोडप्याने ठाण्यात दुसऱ्या मजल्यावरचा असा एक फ्लॅट पसंत केला होता. घर स्वच्छ, पण बाथरूमला नवंकोरं फॉल्स सीलिंग होतं. तीस वर्षांच्या घरात इतर काहीच बदललेलं नसताना फक्त बाथरूमचं छत का झाकलं, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. मालकांच्या परवानगीने एक चौकट सरकवून टॉर्च मारला. वरच्या बाथरूमचा स्लॅब काळपट ओला होता, दोन हातभर पट्ट्यात काँक्रीट गळून लाल झालेल्या सळया उघड्या पडल्या होत्या. महिना मार्च होता, म्हणजे पावसाचा संबंधच नव्हता.

अशा वेळी खर्च कोणाचा, हे आधी समजून घ्यावं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि बाहेरच्या पाइपांची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च त्या सभासदाने करायचा असतो. इथे वरच्या शेजाऱ्यांनी लाद्या काढून नव्याने वॉटरप्रूफिंग करणं आवश्यक होतं. ते होऊन नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोनेक इंच पाणी २४ तास साठवून पाहायचं आणि खालून छत कोरडं राहिलं तरच सळया साफ करून काँक्रीट भरायचं, असा क्रम ठरला. उलट क्रमाने केलं असतं, तर नवं काँक्रीट पुन्हा सुटलं असतं. उरलेली रक्कम हे काम झाल्यावर द्यायची, असं करारात लिहून घेतलं, मगच विसार दिला.

पाणी येणाऱ्या पाइपांची परीक्षा सोपी आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी नळ सोडा. पहिलं पाणी तांबूस आलं, तर जुने जीआयचे पाइप आतून गंजले आहेत. मग स्वयंपाकघराचा आणि बाथरूमचा नळ एकाच वेळी सोडून, फ्लश ओढून बघा. धार एकदम बारीक झाली, तर गंजाने पाइपाचं भोक अरुंद झालेलं असू शकतं. भिंतीतले पाइप बदलायचे म्हणजे टाइल्स फोडाव्या लागतात, म्हणून हा खर्च किमतीतच धरावा. बाथरूमच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता. ते स्वतःहून नहाणीकडे गेलं नाही, तर लाद्यांचा उतार चुकलेला आहे आणि रोज साचणारं पाणी सांध्यांतून खाली मुरत राहणार.

ओल्या भिंतीतून वायर गेली असेल, तर ती बाब सगळ्यात गंभीर. घरातले सगळे स्विच बंद करून आणि सगळे प्लग काढून इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लाल दिवा बघा. तो तरीही लुकलुकत असेल, तर वीज कुठेतरी झिरपतेय किंवा आपल्या मीटरवर दुसरं कोणी जोडलेलं आहे. बोर्डात जुने फ्यूज असतील आणि त्यांत जाडजूड तार गुंडाळलेली असेल, तर तो फ्यूज वेळेवर वितळणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघा. असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. मात्र हे बटण अर्थिंगबद्दल काही सांगत नाही. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक भिंतीत कशालाच जोडलेलं नसणं जुन्या घरांत सर्रास आढळतं, म्हणून अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून वेगळं मोजून घ्यावं. गिझर आणि एसीची वायर चार चौरस मिलिमीटरची आहे का आणि वीजबिलावरचा मंजूर भार तुमच्या वापराला पुरतो का, हेही त्याच वेळी विचारा.

शेवटचा कागद संस्थेच्या कार्यालयात मागायचा, तो म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मुंबईत धोकादायक इमारतींची वर्गवारी होते. त्यात सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, तर सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. अहवालात मोठी दुरुस्ती सुचवलेली असेल, तर सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त वाचून सभासदामागे किती वर्गणी ठरली आहे आणि विकणाऱ्याने ती भरली आहे का, ते तपासा. भरली नसेल, तर ती रक्कम व्यवहाराच्या किमतीतून वजा करून घ्यावी.