स्लॅबच्या मालात जास्तीचं पाणी का नको?

मैत्रिणींनो, आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी स्लॅबच्या कामावर जातात, आणि काहींच्या स्वतःच्या घरकुलाचा स्लॅब यंदा पडणार आहे. मिक्सरवर पाणी ओतायचं काम बहुतेक वेळा बाईच्याच हातात असतं. "माल घट्ट झालाय, टाक अजून एक बादली" अशी हाक आली की आपण ओततो. म्हणून स्लॅबच्या दिवशी सकाळी, मिक्सर सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांना दहा मिनिटं उभं करून सांगावं अशी ही माहिती.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढू. काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची एकमेकांशी प्रक्रिया होते, त्यातून वाळू-खडीला धरून ठेवणारा पदार्थ तयार होतो. 50 किलोच्या एका गोणीला या प्रक्रियेसाठी साधारण 12 लिटर पाणी पुरतं. पण एवढ्या पाण्यात माल हलणारच नाही, सळयांमध्ये शिरणार नाही. म्हणून आपण एका गोणीला 25 लिटरच्या आसपास पाणी घालतो. म्हणजे निम्मं पाणी सिमेंटसाठी आणि निम्मं माल हलावा म्हणून.

आता समजा, 25 लिटर घातलं आणि वर पाच-पाच लिटरच्या दोन बादल्या ओतल्या. झालं 35 लिटर. एक गोणी सिमेंट, दीड पट वाळू आणि तीन पट खडी यांचं काँक्रीट होतं सव्वाशे ते दीडशे लिटर. त्यात हे 10 लिटर फुकटचं पाणी जागा अडवून बसतं. सिमेंटला ते लागत नाही. पुढे ते उडून जातं आणि त्याची जागा रिकामी राहते. डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं स्लॅबभर राहतात. सिमेंट तेवढंच, खर्च तेवढाच, पण ताकद जवळपास एक तृतीयांश कमी होऊ शकते. शिवाय त्याच भोकांतून पावसाचं पाणी झिरपतं, सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडायला लागतात.

पातळ माल ओळखायचा कसा? घमेलं ओतल्यावर चांगल्या मालाचा ढीग थोडा बसतो, पण ढीगच राहतो. जास्त पाण्याचा माल पसरतो, कडेने पाणी सुटतं आणि खडी एकीकडे, सिमेंटचं पाणी दुसरीकडे जातं. सेंट्रिंगच्या फटींतून राखाडी पाणी गळत असेल तर समजा, सिमेंटच वाहून चाललंय. फळ्या काढल्यावर तिथे उघडी खडी दिसते.

याचा अर्थ कोरडा माल चांगला असा नाही. फार घट्ट माल नीट दाबला जात नाही, आत पोकळ्या राहतात, आणि तोही स्लॅब कच्चाच. म्हणून अंदाजाने नको, मापाने घाला. रंगाची रिकामी बादली घ्या, लिटरच्या बाटलीने भरून आतून खुणा करा. वाळू ओली असेल तर पाणी कमी करा. एका गोणीच्या मालात साधारण 80 किलो वाळू असते. ती हाताला ओलसर लागत असेल तर तीन-चार लिटर पाणी वाळूतच असतं. मग 25 नाही, 21-22 लिटरच घालायचं.

माल जड लागतो हे खरंच आहे. घमेलं डोक्यावर आपल्याच असतं. त्यावर उपाय म्हणजे घमेलं कमी भरणं, माणसांची रांग जवळ लावणं आणि व्हायब्रेटर नीट चालवणं. मिसळलेला माल अर्ध्या तासात जागेवर गेला पाहिजे. उन्हात पडून घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा हलवू नका, तो बाजूला काढा. खरंच पातळ करायची वेळ आली तर नुसतं पाणी नाही, त्या प्रमाणात सिमेंटही वाढवावं लागतं. ते इंजिनिअरला विचारूनच.

कुणी म्हणेल, "मग नंतर स्लॅबवर पाणी का मारता?" ते पाणी वेगळं. माल घट्ट झाल्यावर वर साठवलेलं पाणी स्लॅबला ओला ठेवतं, म्हणजे सिमेंटची प्रक्रिया अर्धवट थांबत नाही. ते मात्र किमान 10 दिवस, जमलं तर 14 दिवस, हात न आखडता मारा.

आणि मुकादमाने पुन्हा "टाक पाणी" म्हटलं तर भांडायची गरज नाही. "दादा, 25 लिटरची खूण झाली, आता इंजिनिअर साहेबांना विचारून टाकते," एवढंच म्हणा.