भेटीनंतरचे टाचण

एखाद्या गृहस्थांची भेट घेऊन आपण जिना उतरतो, तेव्हा झालेले संभाषण मनात इतके ताजे असते की ते लिहून ठेवण्याची निकड कोणास भासत नाही. परंतु विस्मृतीचा वेग सर्वांत अधिक असतो तो नेमका याच आरंभीच्या काळात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांची एकदा पाठ केलेली माळ पुन्हा पाठ करताना त्याचे जे श्रम वाचत, ते वीस मिनिटांनंतर ५८ टक्के, तासाभराने ४४ टक्के आणि एका दिवसाने सुमारे ३४ टक्के भरले. अर्थपूर्ण संभाषण इतक्या त्वरेने पुसले जात नाही हे खरे. तथापि त्यातील अर्थ आणि शब्द यांचे आयुष्य सारखे नसते. १९६७ साली जॅकलिन सॅक्स यांनी दाखवून दिले, की ऐकलेल्या वाक्यानंतर सुमारे ८० अक्षरांइतका मजकूर कानांवरून गेला, की त्या वाक्याचा अर्थ बदललेला श्रोत्यांना ओळखता येतो, केवळ शब्दरचना बदललेली मात्र बहुधा ओळखता येत नाही.

समजा, एक निवृत्त शिक्षक आपणांस भेटले. शाळेच्या जुन्या हजेरीपटांवरून ते गावाचा इतिहास लिहीत आहेत, परंतु इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या, म्हणजे १९१८ च्या सालचे पट त्यांना सापडत नाहीत. महिन्याने आपल्या स्मरणात उरते ते एवढेच, की गुरुजी काहीतरी इतिहास लिहितात. आणि एवढ्या भांडवलावर ‘लेखन कसे चालले आहे?’ यापलीकडचा प्रश्न सुचत नाही. याउलट त्याच दिवशी, दुसऱ्या कोणाशी बोलण्यापूर्वी, तारीख घालून लिहिलेले टाचण असे असेल: ‘१९१८ चे पट नाहीत, तालुक्याच्या दप्तरात पाहणार. म्हणाले, “ते वर्षच कुणीतरी उचलून नेलं.” जुन्या जनगणनेच्या पुस्तकाचे नाव कळवीन, असे मी कबूल केले. प्रकृतीची काळजी वाटते — माझा अदमास.’

शेवटचे दोन शब्द अत्यंत महत्त्वाचे आहेत. स्मृती ही जतन केलेली नक्कल नसून दर वेळी नव्याने केलेली जुळणी असते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले; सबब आपला तर्क तर्क म्हणून नोंदवला नाही, तर काही महिन्यांनी तो गुरुजींच्याच तोंडचा वाटू लागतो.

पुढील भेटीपूर्वी टाचण लगेच उघडू नये. प्रथम आठवून पाहावे, मग पडताळावे. केवळ पुनर्वाचनापेक्षा आठवण्याच्या प्रयत्नाने मजकूर दीर्घकाळ टिकतो, असे रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत आढळले आहे. आणि प्रत्यक्ष भेटीत तपशील पाठ म्हणून दाखवण्याऐवजी ‘तालुक्याच्या दप्तरात काही लागले का हाती?’ एवढेच विचारावे, कारण टाचण त्या दिवसाचे असते आणि मधल्या काळात पट कदाचित सापडलेही असतील.